तेरा बाय आठ

आमच्या शाळेचं अंगण १३ मीटर लांब आणि ८ मीटर रुंद आहे. एका बाजूला शाळेची इमारत आणि तिची ओसरी, उरलेल्या तिन्ही बाजूंना चिऱ्यांचा गडगा. गडग्यापलीकडे कुणाची तरी कुळागराची वाट जाते, त्यामुळे तिकडे सरकायला वाव नाही. गोव्यातल्या फोंडा महालातल्या बऱ्याच सरकारी प्राथमिक शाळांचं असंच आहे. दोन खोल्या, एक ओसरी, आणि कधीकाळी कुणीतरी देवळाच्या किंवा स्वतःच्या जागेतून काढून दिलेला तुकडा. तिसरी-चौथी मिळून माझ्याकडे चोवीस मुलं आहेत. खेळाचा वेगळा शिक्षक प्राथमिकला नसतो, म्हणून खेळाचा तासही माझाच.

खो-खोचं मैदान २७ बाय १६ मीटरचं असतं, म्हणजे आमच्या अंगणाच्या चौपटीहूनही थोडं मोठं. एवढं अंतर असलं की साधारणपणे दोन गोष्टी घडतात. एकतर मोठा खेळ आखडून आणतात, म्हणजे बारा मुलं एका छोट्या जागेत फुटबॉल खेळतात, दुसरी बारा ओसरीवर बसून बघतात आणि चेंडू दर दोन मिनिटांनी गडग्यापलीकडे जातो. नाहीतर खेळाच्या तासाला कॅरमबोर्ड निघतो. माझं म्हणणं असं आहे की जागा लहान असेल तेव्हा मैदान आखडू नये, हालचाल आखडावी. कोण कुठे, कुठल्या दिशेला आणि किती वेगाने हलू शकेल हे नियमाने ठरवलं की त्याच जागेत दुप्पट मुलं मावतात, आणि खेळ मिळमिळीतही होत नाही.

हे मी एकटीने शोधून काढलेलं नाही. डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफिल्ड गावी जेम्स नायस्मिथ या शिक्षकापुढे नेमका हाच प्रश्न होता. बाहेर कडाक्याची थंडी, आत लाकडी तक्तपोशीची व्यायामशाळा आणि वर्गात अठरा दांडगे तरुण. मैदानी खेळ तिथे आणले तर भिंतींवर डोकी आपटणार हे उघड होतं. त्याने काय केलं, तर चेंडू हातात घेऊन पळायलाच बंदी घातली. जिथे चेंडू पकडला तिथूनच तो फेकायचा. आणि गोल जमिनीवर न ठेवता दहा फुटांवर, सज्जाच्या कठड्याला पीचच्या टोपल्या ठोकून वर नेला. गोल वर असला की जोरात मारून उपयोग नाही, चेंडू हळूच उचलून टाकावा लागतो. बास्केटबॉल म्हणून आज आपण जो खेळ ओळखतो, त्याचे हे दोन्ही मूळ नियम जागेच्या अडचणीतून आलेले आहेत. त्याने खोली वाढवली नाही आणि मुलंही कमी केली नाहीत.

आपल्याकडचे खेळ या नजरेने पाहिले की त्यांची बुद्धी लक्षात येते. खो-खोत आठ जण चौकोनांत बसलेले असतात, नववा पळत असतो आणि पुढे तीन जण सुटत असतात. म्हणजे मैदानात बारा मुलं, पण धावणारी चारच. शिवाय पाठलाग करणाऱ्याला मधली पट्टी ओलांडता येत नाही, आणि एकदा दिशा घेतली की मध्येच मागे वळता येत नाही. हा नियम कौशल्यासाठी आहे असं आपण समजतो, पण त्याच नियमामुळे समोरासमोरची टक्करही टळते.

आट्यापाट्या तर त्याही पुढचा. आडव्या नऊ पाट्या, मधोमध उभी सूरपाटी. राखणारा आपल्या पाटीवरून उतरू शकत नाही. तो फक्त डावीकडे किंवा उजवीकडे सरकू शकतो, म्हणजे त्याची सगळी हालचाल एका रेघेवर बांधलेली. ओलांडणाऱ्याला पुढे जायचंय, पण पाटीमागून पाटी येत असल्यामुळे त्याला वेग घ्यायला जागाच मिळत नाही. माझे चुलतसासरे तरुणपणी देवळाच्या पटांगणात पाट्या खेळत. त्यांना विचारलं, जिंकायचं कशावर? म्हणाले, ‘‘पायांवर नाही गो. खांद्यांवर. खांदा डावीकडे टाकायचा आणि आपण उजवीकडून जायचं.’’

खेळ हुलकावणीवर चालत असेल तर त्याला लांबी लागत नाही. आमच्या अंगणासाठी जो खेळ बसवला, तो तिथूनच घेतला. मुलांनी त्याला नाव दिलं ‘गडगे’.

आधी अंगण कसं विभागलं ते सांगते, कारण सगळी मेख तिथे आहे. ८ मीटर रुंदीत दोन समांतर पट्टे, प्रत्येकी ३ मीटरचे. त्यांच्यामध्ये १ मीटरची परतीची वाट. दोन्ही बाहेरच्या कडांना, म्हणजे एकीकडे गडग्यालगत आणि दुसरीकडे ओसरीलगत, अर्धा-अर्धा मीटर मोकळा. १३ मीटर लांबीत पहिला दीड मीटर थांबण्याची जागा. मग ४, ७ आणि १० मीटरवर तीन आडव्या पट्ट्या, प्रत्येक फूटभर जाड. हेच ते गडगे. शेवटच्या गडग्यानंतर खऱ्या गडग्यापर्यंत ३ मीटर उरतात, ते राखून ठेवायचे. ते का, हे पुढे येईल.

चोवीस मुलांचे दोन गट होतात, एका पट्ट्यावर बारा. त्यातले तीन राखणारे, प्रत्येक गडग्यावर एक, आणि नऊ ओलांडणारे. राखणाऱ्याची दोन्ही पावलं पट्टीवरच हवीत. हात लांबवून पुढे वाकता येतं, पण पाऊल बाहेर पडलं की त्याचा स्पर्श धरला जात नाही. स्पर्श उघड्या पंजाने, पाठीला किंवा दंडाला. कपडा धरायचा नाही, ढकलायचं नाही. ओलांडणारा फक्त पुढे जाऊ शकतो. दोन गडग्यांमधल्या चौकात एका वेळी एकच जण. पुढचा चौक मोकळा झाल्याशिवाय मागच्याने निघायचं नाही. आणि चौकात रेंगाळायचं नाही. रांगेत उभी असलेली मुलं मोठ्याने पाच अंक मोजतात, तेवढ्यात गडगा ओलांडायचा.

स्पर्श झाला म्हणून कुणी बाद होत नाही. तो मधल्या परतीच्या वाटेवर येतो, जितके गडगे ओलांडले असतील तितके चिंचोके तिथल्या करवंटीतून उचलतो, चालत मागे जातो, गटाच्या डब्यात टाकतो आणि पुन्हा रांगेत लागतो. पहिल्याच गडग्यावर सापडला तर रिकाम्या हाताने परत, पण परत आला की पुन्हा त्याची पाळी आहेच. परतीची वाट एकाच दिशेची. तिथे पळायचं नाही. दोन मिनिटांनी राखणारे बदलतात. तीन-तीन करत चार वेळा बदल झाला की बाराही मुलं राखण करून झालेली असतात. एक डाव आठ मिनिटांचा, बदलायला लागणारा वेळ धरून दहा-अकरा. पस्तीस मिनिटांच्या तासात आखणी, दोन डाव आणि पाणी पिणं आरामात बसतं.

बाद करण्याबद्दल मला थोडं थांबून बोलायचं आहे. बाद होणारी मुलं बाहेर बसवणारे खेळ लहान जागेत सोयीचे वाटतात, कारण गर्दी आपोआप कमी होत जाते. पण बाहेर पहिलं कोण बसतं? जे मूल हळू पळतं, ज्याला सराव सगळ्यांत जास्त हवा, तेच. तासाच्या शेवटी जे दोन-तीन चपळ असतात त्यांनाच खेळायला मिळतं, आणि ते घरी गेल्यावरही खेळणारच असतात. म्हणून बाद हा प्रकारच नको, असं मी पक्कं ठरवलं. गर्दी कमी करायची ती मुलं काढून नव्हे, तर परतीच्या वाटेने त्यांना फिरतं ठेवून. एका चौकाला पाच सेकंद धरली तर दर पाच सेकंदांना नवा मुलगा निघतो. नऊ मुलांच्या रांगेत प्रत्येकाची पाळी पाऊण मिनिटात पुन्हा येते. त्या पाऊण मिनिटातही तो चालत असतो, चिंचोके टाकत असतो किंवा दुसऱ्यासाठी अंक मोजत असतो.

आता पट्टा ३ मीटरचाच का? इथे बहुतेक जण पावलांनी मोजतात. मी हातांनी मोजते. माणसाचे दोन्ही हात पसरले की बोटांच्या टोकापासून टोकापर्यंतचं अंतर साधारण त्याच्या उंचीएवढं येतं. चौथीतल्या मुलाची उंची १३० सेंटिमीटरच्या आसपास धरा. म्हणजे मधोमध उभा राहून तो सव्वा मीटर झाकतो आणि दोन्ही अंगांना पाऊण मीटरहून थोडं अधिक उघडं राहतं. ओलांडणाऱ्याने एका बाजूला हूल दिली की राखणारा अर्धं पाऊल तिकडे सरकतो आणि दुसरीकडे वाट उघडते. पट्टा २ मीटरचा केला तर राखणारा न हलता सगळ्यांना पकडतो, आणि ४ मीटरचा केला तर हूल द्यायची गरजच उरत नाही, सरळ कडेने निघून जाता येतं. म्हणून पसरलेल्या हातांच्या सव्वादोन पट ही सुरुवात धरायची आणि मग चिंचोके मोजून ती घट्ट किंवा सैल करायची.

हे मोजणं असं. दोन मिनिटांत एका पट्ट्यावर साधारण चोवीस फेऱ्या होतात. प्रत्येक गडग्यावर निम्मीच मुलं सुटत असतील तर तिन्ही गडगे पार करणारा आठांत एक निघतो. चोवीस फेऱ्यांत तिघंच शेवटपर्यंत पोचतात आणि करवंटीतून एकूण एकवीसच्या आसपास चिंचोके जातात. अशा डावात मुलं लवकर कंटाळतात, कारण पलीकडे पोचल्याचा आनंद फारच थोड्यांच्या वाट्याला येतो. तेच प्रत्येक गडग्यावर तिघांतले दोघं सुटत असतील तर दहांतले तीन जण पार होतात आणि चोवीस फेऱ्यांना चिंचोके जातात चौतीसच्या घरात. मला हा आकडा हवा असतो. डब्यात पंचवीसहून कमी दिसले तर दोन्ही बाजूंना अर्धी-अर्धी वीत पट्टा वाढवते. पन्नासच्या पुढे गेले तर तितकाच कमी करते. पट्टीने मोजत बसण्यापेक्षा हे सोपं आहे, आणि गणिताच्या तासाला मुलं हे चिंचोके स्वतः मोजून फळ्यावर मांडतात.

एकदा दोन पट्ट्यांवर एकाच वेळी अगदी वेगळे आकडे आले. ओसरीकडच्या पट्ट्यात छत्तीस, गडग्याकडच्यात अठरा. आखणी दोन्हीकडे सारखीच होती. नीट पाहिलं तर गडग्याकडच्या पट्ट्यात पहिल्याच रेघेवर वर्गातला सगळ्यांत उंच मुलगा उभा होता. त्याच्या हातून निम्म्याहून जास्त जण सुरुवातीलाच परत जात होते, त्यामुळे मागचे दोघं राखणारे नुसते उभे. पट्टा वाढवायची गरज नव्हती. त्याला तिसऱ्या गडग्यावर पाठवलं आणि सगळ्यांत लहान मुलीला पहिल्यावर आणलं. पुढच्या दोन मिनिटांत एकतीस चिंचोके झाले. तेव्हापासून राखणीचा क्रम ठरला. पुढे सोपा, मागे अवघड. पहिला गडगा ओलांडून निदान एक चिंचोका मिळाला की मूल पुन्हा उत्साहाने रांगेत येतं.

आता त्या राखलेल्या ३ मीटरबद्दल. लहान अंगणातली दुखापत बहुतेक वेळा दोन मुलांच्या टकरीतून होत नाही, थांबता न आल्यामुळे होते. पूर्ण वेगात पळणारं आठ-नऊ वर्षांचं मूल सेकंदाला ४ मीटरच्या आसपास जातं असं धरू. थांबायचं लक्षात येऊन पाय रोवेपर्यंत एक मीटर जातो, मग रेटा मोडायला आणखी अडीच-पावणेतीन. म्हणजे जवळजवळ ४ मीटर. वेग निम्मा झाला तर रेटा मोडायचं अंतर निम्मं होत नाही, पाव होतं, आणि एकूण सव्वा मीटरमध्ये मूल थांबतं. म्हणून चौक ३ मीटरचेच ठेवले आहेत. इतक्या जागेत थांबून, हूल देऊन, पुन्हा निघायचं म्हटल्यावर मोठा वेग येतच नाही.

तरी शेवटचा गडगा ओलांडला की मूल आनंदाने पुढे सुटतं. समोर खरा गडगा असतो, चिऱ्यांचा, खरबरीत, आणि त्याचा कोपरा कपाळाच्याच उंचीवर येतो. ‘‘हळू रे, हळू’’ असं ओरडून काही होत नाही. म्हणून थांबणंच खेळात घेतलं. शेवटच्या रेघेपलीकडे एक मीटरची चौकट आखली. दोन्ही पावलं जोडून त्या चौकटीत थांबलं तरच तिसरा चिंचोका. पुढे गेलं तर दोनच. या एका नियमाने गडग्याकडे जाणारी धाव संपली. आता मुलं शेवटचा गडगा ओलांडतानाच गुडघे वाकवून येतात, कारण त्यांना चिंचोका हवा असतो. मागे १ नव्हे, ३ मीटर मोकळे ठेवले आहेत ते यासाठी की ज्याला थांबता आलं नाही त्याचंही डोकं शाबूत राहावं. चौकट जमते आहे की नाही हे ओळखायची खूण सोपी आहे. मुलं गडग्यापाशी येऊन त्याला हात टेकवत असतील तर वेग जास्त होतोय. मग दुसरा आणि तिसरा गडगा अर्धा मीटर जवळ आणायचे.

आखायचं कशाने, हा प्रश्न किरकोळ वाटेल, पण इथे तो रोजचा आहे. तांबड्या मातीवर खडू उठत नाही. चुन्याची भुकटी सगळ्यांत ठळक दिसते म्हणून बऱ्याच ठिकाणी ती टाकतात. मी टाकत नाही. मुलं पडतात, हात डोळ्यांना लावतात आणि चुना डोळ्याला इजा करतो. सुंभ ताणून रेघ केली तर पाय अडकतो. आमचा उपाय म्हणजे झारी. सुक्या मातीवर झारीतून पाण्याची पट्टी ओढली की ती गर्द तांबडी दिसते आणि डाव संपेपर्यंत टिकते. मार्च-एप्रिलमध्ये मध्येच एकदा परत ओढावी लागते. हे काम मुलंच करतात. जाडी फूटभर ठेवण्यासाठी एक फूटपट्टी मातीवर आडवी टेकवत एक जण पुढे चालतो, त्याच्या मागून झारी. सिमेंटचं अंगण असेल तर सरळ तेलरंगाने पट्ट्या रंगवून घ्याव्यात, मात्र त्यात वाळू मिसळावी, नाहीतर ओल्यावर रंगच घसरतो.

वाद होतात, आणि ते जवळजवळ सगळे राखणाऱ्याच्या पावलांवरून. ‘‘बाई, तो गडग्यावयलो पांय काडटा!’’ ही तक्रार दर डावाला असतेच. मी पंच होत नाही. प्रत्येक गडग्याशेजारी, परतीच्या वाटेवरून जाणाऱ्याला एक डाव थांबवून फक्त पावलं बघायला सांगते. हात बघायचे नाहीत, स्पर्श झाला की नाही ते बघायचं नाही, पावलंच बघायची. एकाच गोष्टीकडे लक्ष असलं की आठ वर्षांचं मूलसुद्धा नेमका निर्णय देतं. स्पर्श झाला की नाही हे ओलांडणाऱ्यालाच विचारायचं, आणि तो म्हणेल ते धरायचं. यावर काही पालकांनी शंका घेतली की मुलं खोटं बोलतील. बोलतात कधी कधी. पण पाऊण मिनिटात पाळी पुन्हा येणार असेल तर एका चिंचोक्यासाठी खोटं बोलण्यात फारसा अर्थ राहत नाही, आणि मुलांना हे मोठ्यांपेक्षा लवकर कळतं.

वर्गात एका मुलीच्या पायात लहानपणापासून जोर कमी आहे. पळण्याच्या खेळात ती नेहमी गुण लिहायला बसायची. राखणीचं काम एका रेघेवरचं असल्यामुळे ते तिला करता येतं, फक्त रेघ लहान हवी. तिची पाळी आली की त्या गडग्याची रुंदी तीनवरून सव्वादोन मीटर करतो. दोन्ही कडांना एकेक वीट ठेवली की झालं, ओलांडणाऱ्याने विटांच्या आतूनच जायचं. तिचे हात लांब आहेत आणि खांदे वाचायची नजर फार तेज. ओलांडताना मात्र तिला पाचऐवजी दहा अंक मिळतात. कुणी यावर कुरकुर केलेली मी ऐकली नाही. नियम आधी सांगितलेला असला की मुलांना तो खेळाचाच भाग वाटतो.

सातवीपर्यंतच्या शाळेतल्या एका सरांनी हाच खेळ मोठ्या मुलांवर करून पाहिला. त्यांच्याकडे अंगण आमच्याएवढंच. बारा-तेरा वर्षांची मुलं १५० सेंटिमीटरची, हात तेवढेच लांब, म्हणजे सव्वादोन पटीने पट्टा साडेतीन मीटरच्या जवळ जातो. तसे दोन पट्टे, परतीची वाट आणि कडांचा अर्धा-अर्धा मीटर हे सगळं ८ मीटरमध्ये बसत नाही. त्यांनी एकच पट्टा ठेवला आणि बाकीच्या मुलांना दुसरं काम दिलं. मोठ्या मुलांचा रेटाही जास्त असतो, तीन मीटरच्या चौकातही ती धडकतात. माझ्या मते चौथीच्या पुढे या अंगणात हा खेळ या स्वरूपात चालवू नये. त्यांना नायस्मिथचा रस्ता अधिक बरा, म्हणजे चेंडू हातात असताना पाय हलवायचा नाही, असा काही.

आणि मग पाऊस. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. या दिवसांत अंगण कोरडं नसतं, आणि चिऱ्यांच्या कडेने शेवाळ चढतं. पाऊस उघडला म्हणून लगेच मुलांना खाली सोडता येत नाही. मी टाच जमिनीवर दाबून फिरवून बघते. हिरवा ओघळ उठला तर त्या दिवशी अंगण बंद. काथ्याच्या ब्रशने खरवडून शेवाळ निघतं, पण आठवडाभरात परत येतं.

मग उरते ओसरी. ९ मीटर लांब, पावणेदोन मीटर रुंद, खाली तांबडी गुळगुळीत जमीन, आणि एका बाजूला कठडा नसलेली दोन पायऱ्यांची उतरंड. इथे हूल द्यायला रुंदीच नाही, राखणारा हात पसरला की ओसरी बंद होते. म्हणून राखणाऱ्याला गोणपाटावर गुडघे टेकून बसवायचं, तोही भिंतीच्या बाजूला, आणि त्याच्यासमोर मीटरभर जागा सोडून विटांची ओळ लावायची. उतरंडीकडे कुणी जायचं नाही, ही विटांची ओळच सांगते. ओलांडणाऱ्याने पळायचं नाही, एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांना टेकवत चालायचं. गुडघ्यांवर बसलेल्याचा हात कमी पोचतो, आणि चालणाऱ्याला नेमका तो हात मागे गेलेला क्षण साधावा लागतो. खेळ संथ होतो, पण खांदे आणि नजर तीच लागतात. एका वेळी आठ मुलांच्या वर इथे घेता येत नाही, बाकीची आत वर्गात. पावसाळ्यातला खेळ अंगणातल्यासारखा होतो असं मी म्हणणार नाही. दम लागत नाही, घाम येत नाही. श्रावणात आठवडाभर झड लागली की मुलं दुपारपर्यंत बेंचांवरून उड्या मारायला लागतात, तेव्हा ओसरीवरचा हा डाव निदान त्यांचे पाय मोकळे करतो.

‘गडगे’ने न होणारं बरंच काही आहे. लांब पळण्याचा दमसास त्यातून येत नाही, चेंडू फेकणं-झेलणं येत नाही. त्यासाठी महिन्यातून एकदा आम्ही पंचायतीच्या मैदानावर जातो आणि तिथे मुलांना नुसतं पळू देते, खेळ वगैरे काही लावत नाही.

कुणाला आपल्या अंगणात हा खेळ बसवायचा असेल तर आधी थांबण्याची जागा मोजून घ्यावी आणि मग उरलेल्यात गडगे बसवावेत, उलट करू नये. लांबी १० मीटरपेक्षा कमी असेल तर दोनच गडगे ठेवा, पण मागचे ३ मीटर सोडू नका. दोन गडगे झाले की चिंचोक्यांचा हिशेब बदलतो. चोवीस फेऱ्यांत सव्वीस-सत्तावीस निघाले म्हणजे रुंदी बरोबर आहे. अंगणाची रुंदी साडेपाच मीटर असेल तर एक पट्टा, एक परतीची वाट आणि बारा मुलं. उरलेल्या बारांना तेवढा वेळ दुसरं काहीतरी लागेल. साडेचारच्या खाली रुंदी गेली तर परतीच्या वाटेला जागा उरत नाही, येणारी आणि जाणारी मुलं एकमेकांवर येतात, तिथे हा खेळ लावू नये. अंगणात मध्ये झाड, पाण्याची टाकी किंवा झेंड्याचा खांब असेल तर तो पट्ट्याच्या आत किंवा शेवटच्या चौकटीसमोर येता कामा नये. परतीच्या वाटेत आला तर चालतो, तिथे सगळे चालतच असतात. आमच्याकडे झेंड्याचा खांब बरोबर तिथेच आहे, आणि चिंचोक्यांची करवंटी त्याच्या चौथऱ्यावर ठेवलेली असते.